चार्ज होणाऱ्या कॅथोडमधलं निकेल पाहायचंय: बीमटाइमच्या अर्जाचं समर्थनपत्र कसं लिहायचं

सिंक्रोट्रॉनवर वेळ मागताना फॉर्मसोबत दोन-तीन पानांचं एक पत्र जोडावं लागतं: हा प्रयोग का करायचा, याच बीमलाइनवर का, आणि इतक्या शिफ्ट कशाला. बॅटरीवाल्यांचे बरेचसे अर्ज या पत्रातच अडकतात. विज्ञान कच्चं असतं असं नाही. पत्र वाचणाऱ्याला ‘हे मोजमाप जमेल का’ हे आकड्यांत कुठेच सापडत नाही, आणि तिथे गाडी थांबते.

पुढची सगळी चर्चा एका ठरावीक उदाहरणावर आहे. कॅथोड LiNi0.8Mn0.1Co0.1O2, म्हणजे बोलीत ‘एनएमसी-८११’. पद्धत क्ष-किरण शोषण वर्णपटमिती. जागा इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२. २.५ जीइव्हीच्या या साठवण-वलयावर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या, शोषण वर्णपटातल्या लाटा मोजणाऱ्या दोन एक्झाफ्स बीमलाइन आहेत. बीएल-०८ वक्र स्फटिकाने ऊर्जेचा सगळा पट्टा एकदम टिपते. बीएल-०९ दोन स्फटिकांच्या मोनोक्रोमेटरने एकेक ऊर्जा घेत पुढे सरकते. पत्र इंग्रजीतच जाणार, पण त्यामागचा हिशेब आधी आपल्या भाषेत मांडून बघितला की कुठे पाणी मुरतंय ते लवकर कळतं.

पहिला परिच्छेद: एकच प्रश्न, आणि तो चुकीचा ठरू शकेल असा

बहुतेक पत्रं अशी सुरू होतात: ‘लिथियम-आयन बॅटरींना मागणी वाढत आहे. चार्जिंगदरम्यान कॅथोडच्या रचनेत होणारे बदल समजून घेणे आवश्यक आहे.’ या दोन्ही वाक्यांतलं तपासणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे. त्याला तुमचा प्रश्न हवा असतो. त्याऐवजी असं लिहा:

‘एनएमसी-८११ मध्ये ४.२ व्होल्टच्या आसपास क-अक्ष झपाट्याने आकसतो, हे विवर्तनातून दिसते. त्याच टप्प्यावर निकेल आणि ऑक्सिजनमधले अंतर कमी होत राहते की थांबते? अंतर आणि शोषणकडा दोन्ही थांबूनही क्षमता मिळत राहिली, तर तो विद्युतभार केवळ निकेलमधून आला असे म्हणता येणार नाही.’

इथे दोन शक्यता समोरासमोर आहेत आणि प्रयोग त्यांतली एक निवडू शकतो. विवर्तन हे का सांगू शकत नाही, याला एक वाक्य पुरतं. विवर्तन लाखो एकक-पेशींची सरासरी दाखवतं, तर शोषण वर्णपट निकेलच्या अणूभोवतीचं शेजार दाखवतो, शिवाय निकेलचाच, कारण त्याची कडा, म्हणजे जिथे त्याचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा, ८३३३ इव्हीला स्वतंत्र आहे.

सुरुवातीच्या पदार्थात निकेलची सरासरी अवस्था +२.८८ च्या आसपास असते. लिथियम +१, मँगनीज +४ आणि कोबाल्ट +३ धरून बेरीज केली की हा आकडा निघतो. बहुतांश निकेल +३ असल्यामुळे त्याच्या सहा ऑक्सिजन बंधांपैकी चार आखूड आणि दोन लांब होण्याकडे कल असतो. LiNiO2 मध्ये ही अंतरं साधारण १.९१ आणि २.०९ अँग्स्ट्रॉम आहेत. चार्जिंगमध्ये निकेल +४ कडे सरकतं, ही विषमता विरते आणि सरासरी अंतर १.८८ च्या जवळ येतं. पत्रातलं सगळं मोजमाप या एवढ्याशा फरकावर उभं आहे. म्हणून तो आकड्यासकट लिहाच.

सेलचा हिशेब: बीम आरपार जातो का

मोजमाप पारगमनात घ्यायचं असेल तर दोन आकडे लागतात. पहिला कडेची उडी, म्हणजे कडा ओलांडल्यावर शोषण किती वाढतं. ती एकच्या आसपास असली तर उत्तम. दुसरा कडेच्या वरचं एकूण शोषण. ते अडीचच्या फार पुढे गेलं की मागच्या आयन-कक्षात पोचणारा बीम इतका क्षीण होतो की वर्णपटाची शेपटी गोंगाटात बुडते.

उडीचा हिशेब पत्रात असाच्या असा टाका. एनएमसी-८११ मध्ये वजनाने ४८.३ टक्के निकेल आहे, आणि कडेवर निकेलचं वस्तुमान-शोषण सुमारे ४४ वरून ३२९ चौरस सेंमी प्रति ग्रॅमवर जातं.

```
Ni      = 7.3 mg/cm² × 0.483 = 3.52 mg/cm²
Δμt(Ni) = 0.00352 g/cm² × 285 cm²/g ≈ 1.0
```

म्हणजे सक्रिय पदार्थाचं लेपन चौरस सेंमीला ७.३ मिलिग्रॅम ठेवायचं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या दोन-तीन मिलिग्रॅमच्या पातळ लेपनात उडी ०.३ ते ०.४ च येते. त्यात झेन्स, म्हणजे कडेजवळचा भाग, नीट मिळतो. एक्झाफ्सच्या लाटा मात्र थरथरायला लागतात. उलट पंधरा मिलिग्रॅमच्या जाड लेपनात उडी दोनपर्यंत जाते आणि एकूण शोषण हाताबाहेर जातं.

आता बाकीचे थर. पुढचे आकडे ८.३ किलोइव्हीचे आहेत. त्याच कॅथोडमधल्या मँगनीज, कोबाल्ट, ऑक्सिजन आणि कडेखालच्या निकेलचं मिळून ०.४. मागच्या १५ मायक्रॉन ॲल्युमिनिअम फॉइलचं ०.१८. पाउच सेलच्या पाकिटात दोन्ही बाजूंना ४० मायक्रॉनचा ॲल्युमिनिअमचा थर असेल तर त्याचं जवळजवळ एक. पातळ पॉलिप्रॉपिलीन विभाजक आणि त्यात मुरलेला इलेक्ट्रोलाइट नगण्य. लिथियमचा पत्राही नगण्य. बेरीज कडेखाली १.६ आणि कडेवर २.६, म्हणजे सुमारे सात टक्के बीम पलीकडे जातो. काठावरचं आहे, पण चालतं.

याच सेलमध्ये पॉलिप्रॉपिलीनऐवजी काच-तंतूचा जाड विभाजक टाकला की गणित कोसळतं. तो अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो, त्यातल्या सिलिकाचं शोषण आलंच. त्याहून जास्त शोषतो त्यात मुरलेला इलेक्ट्रोलाइट, LiPF6 मधल्या फॉस्फरसने त्यात भर पडते. दोन्ही मिळून जवळपास एक वाढतो आणि कडेवरचा आकडा साडेतीनच्या पुढे जातो. नाणे-सेलमध्ये काच-तंतू वापरायची सवय असल्याने हा विभाजक ऑपरेंडो, म्हणजे चालू स्थितीत मोजायच्या, सेलमध्ये नकळत शिरतो. पत्रात ‘२५ मायक्रॉन पॉलिप्रॉपिलीन’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं की जाणकाराला कळतं, हे लोक हिशेब करून आलेत.

निकेलच्या प्रयोगात आणखी एक खोड आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये स्वतःचं निकेल असतं. स्टीलची जाळी, स्प्रिंग किंवा डबीची कड बीममध्ये आली तर तुमच्या वर्णपटात धातुरूप निकेलचा सूर मिसळतो आणि कडा खालच्या ऊर्जेकडे ओढली जाते. तो ‘निकेलचं क्षपण’ म्हणून वाचला जाण्याचा धोका खरा आहे. पाउच सेलच्या ऋण बाजूची पट्टीही बहुतेक निकेलची असते. ती खिडकीपासून दूर ठेवली आहे हे एका ओळीत सांगा. ऋण बाजूला तांब्याचं फॉइल असेल तर त्याला बीमच्या वाटेत छिद्र पाडा. तांब्याची कडा ८९७९ इव्हीला आहे, म्हणजे निकेलच्या कडेपासून ६४६ इव्हीवर. तिथे वर्णपट फोटोइलेक्ट्रॉनच्या तरंगसंख्येत k = १३ ला कापला जातो. आपल्याला १२.५ पुरतं, तरी तांब्याचं शोषण वाचलेलं बरं.

कोबाल्ट आणि मँगनीज? मोह होतो, कारण एनएमसीमध्ये तिन्ही आहेत. पण दहा-दहा टक्क्यांना उडी जेमतेम ०.१५ येते, आणि मँगनीजच्या ६५३९ इव्हीला पाकिटातलं ॲल्युमिनिअम दुप्पट शोषतं. कोबाल्टची एक्झाफ्स पुढे ६२४ इव्हीवर निकेलच्या कडेला धडकते. या सेलमध्ये, पारगमनात, ते दोन्ही सोडून द्या आणि तसं लिहा. हवंच असेल तर सुरुवातीचा आणि पूर्ण चार्ज केलेला कॅथोड काढून, निष्क्रिय वातावरणात सीलबंद करून, प्रतिदीप्तीत मोजा. तिन्ही कडांची ऑपरेंडो मालिका मागणारं पत्र महत्त्वाकांक्षी वाटत नाही, अननुभवी वाटतं.

खिडकीखालचा दाब

पाउच सेलच्या दोन बाजूंना दाबपट्ट्या असतात आणि बीमसाठी त्यांना छिद्र ठेवावं लागतं. छिद्राखाली थर एकमेकांवर दाबले जात नाहीत. तिथला विद्युतप्रवाह मंद होतो, आणि आपण नेमकी तीच जागा मोजतो! व्होल्टमीटर सांगतो सेल ४.३ वर आहे, बीमखालचं निकेल अजून ४.१ च्या अवस्थेत असतं. छिद्र ३ मिलिमीटरच्या वर नेऊ नका. पत्रात तपासणीही लिहा: ‘चार्जिंगच्या शेवटी व्होल्टेज ४.३ वर धरून प्रवाह C/50 खाली येईपर्यंत थांबू आणि दोन वर्णपट घेऊ. या काळात मिळालेल्या क्षमतेच्या मानाने कडा जास्त सरकली, तर खिडकीखालचा भाग मागे होता असे धरून त्या मालिकेतील क्षमतेचा अक्ष वापरणार नाही.’

या सेलची घरची वक्ररेषा सोबत जोडा. नाणे-सेलची आणि खिडकीवाल्या सेलची C/10 ची चार्ज-वक्ररेषा एकाच आलेखात, एकावर एक. प्राथमिक माहिती म्हणून एकच चित्र देता येत असेल तर हेच द्या. सुंदर इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शी चित्रांचा इथे उपयोग नाही.

वेळेचा हिशेब आणि हीच बीमलाइन का

२ बाय २ सेंमीचा कॅथोड, ७.३ मिलिग्रॅम लेपन, म्हणजे २९ मिलिग्रॅम पदार्थ. C/10 साठी ग्रॅमला २० मिलिॲम्प धरले तर प्रवाह ०.५८ मिलिॲम्प. ४.३ व्होल्टपर्यंत ग्रॅमला २१० मिलिॲम्प-तास मिळाले तर चार्जिंग साडेदहा तासांचं. सैद्धांतिक क्षमता २७५ असल्याने त्यातून सूत्रामागे ०.७६ लिथियम बाहेर पडतं.

बीएल-०९ वर k = १२.५ पर्यंतचा एक वर्णपट २५ मिनिटांचा धरू. खरा आकडा बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना विचारून मगच लिहायचा. या २५ मिनिटांत ०.०३ लिथियम निघतं. पूर्ण चार्जिंगमध्ये निकेलची कडा साधारण २ इव्ही सरकते असं धरलं तर एका वर्णपटाच्या काळात ती ०.०८ इव्ही सरकेल. निकेलच्या के-कडेची नैसर्गिक रुंदीच जवळपास दीड इव्ही आहे. म्हणजे C/10 ला सावकाश मोजणं पुरेसं आहे आणि चार्जिंगमध्ये पंचवीस वर्णपट बसतात. वर्णपटाचं डोकं आणि शेपूट थोड्या वेगळ्या अवस्थांचे असतात, हे खरं. पण ०.०३ लिथियमच्या फरकाने अंतरात पडणारा बदल मोजणीच्या चुकीपेक्षा लहान राहतो.

हाच परिच्छेद ‘बीएल-०८ का नको’ याचंही उत्तर देतो. तुमचा प्रश्न C/2 किंवा त्याहून जलद चार्जिंगचा असता, तर दोन-अडीच तासांत पाचच वर्णपट मिळाले असते आणि सगळा पट्टा एकदम टिपणारी बीमलाइन मागावी लागली असती. तिथे किंमत वेगळी मोजावी लागते. आधीची आणि नंतरची तीव्रता एकाच वेळी मोजता येत नाही, आणि कणीदार, भेगाळलेल्या कॅथोडमधली असमानता सरळ वर्णपटात उमटते. मंद प्रयोगाला हा व्याप कशाला? अशी तुलना केलेली दिसली की ‘दुसऱ्या बीमलाइनवर पाठवा’ हा शेरा सहसा येत नाही.

विश्लेषणात किती मागायचं

इथे मोठी फसगत होते. पत्रात लिहिलेलं असतं: ‘प्रत्येक टप्प्यावर लांब आणि आखूड दोन्ही बंध वेगवेगळे काढू.’ जमेल का, बघा. k ३ ते १२.५ असेल तर अंतरातली पृथक्करणक्षमता π/(2Δk), म्हणजे ०.१६५ अँग्स्ट्रॉम. दोन बंधांतला फरक ०.१८. जेमतेम निसटतो. वर, १ ते २ अँग्स्ट्रॉमच्या खिडकीत स्वतंत्र माहितीचे बिंदू सुमारे सहा. दोन कवचांना दोन अंतरं, अंतरांचा पसारा सांगणारे दोन अव्यवस्था-घटक, ऊर्जेची दुरुस्ती आणि शेजाऱ्यांची संख्या, एवढं मोकळं सोडलं की बिंदू संपले. उत्तर येईल, पण ते कशालाही जुळवलेलं असेल.

त्यापेक्षा हे लिहा: ‘मधल्या सर्व वर्णपटांत निकेल-ऑक्सिजनचे एकच कवच धरू. संख्या ६ वर ठेवू आणि सरासरी अंतर व अव्यवस्था-घटक यांचा क्रम पाहू. दोन कवचांचे, ४ : २ बांधलेले प्रारूप फक्त सुरुवातीला आणि शेवटी, स्थिर अवस्थेत घेतलेल्या एकत्रित वर्णपटांवर वापरू.’ मागणी कमी दिसते. पण अव्यवस्था-घटक चार्जिंगबरोबर खाली येतो आणि पुढे कुठे सपाट होतो, तेवढ्यातूनही विषमता विरल्याचं कळतं.

कडेची जागा कशी ठरवणार, तेही आधीच एका व्याख्येत बांधा. चार्जिंगमध्ये पांढऱ्या रेषेचा, म्हणजे कडेवरच्या शिखराचा, आकार बदलतो, त्यामुळे पहिल्या अवकलजाचं शिखर एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतं आणि आलेखात खोटी पायरी दिसते. सामान्यीकृत उडीच्या अर्ध्या उंचीची ऊर्जा त्या मानाने शांत असते. निकेलचं फॉइल दुसऱ्या आणि तिसऱ्या आयन-कक्षाच्या मध्ये ठेवून प्रत्येक वर्णपटासोबत मोजणार, हे वाक्य विसरू नका. २ इव्हीची सरक मोजताना मोनोक्रोमेटरची ०.२ ची भटकंतीही जड जाते.

संदर्भ नमुन्यांबद्दलही मोकळेपणाने लिहावं. +२ साठी NiO ठीक आहे. +३ साठी LiNiO2 सुचतं, पण ते नेमक्या प्रमाणात बनवणं अवघड, लिथियमच्या थरात निकेल घुसतंच. म्हणून कडेच्या जागेवरून थेट ‘अवस्था ३.६’ असा आकडा काढण्याचं वचन देऊ नका. त्याच मालिकेचे दोन टोकांचे वर्णपट संदर्भ धरून मधल्यांचं प्रमाण काढा. आणि पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहा: कडा थांबली म्हणजे ऑक्सिजनचा सहभाग सिद्ध झाला असं नाही. इलेक्ट्रोलाइट जळूनही क्षमता मिळते. डिस्चार्जमध्ये ती परत येते का, हे बघितल्याशिवाय तो निष्कर्ष निघत नाही. म्हणूनच आपण डिस्चार्जचीही वेळ मागतोय.

शिफ्टचं कोष्टक

आठ तासांच्या शिफ्ट धरून आपला हिशेब असा होतो. संरेखन, फॉइल, आणि पहिल्या सेलचे विश्रांतीतले वर्णपट यांना १. पहिल्या सेलचं चार्जिंग साडेदहा तास, ४.३ वर धरून लांब वर्णपट दीड तास, डिस्चार्ज सुमारे साडेनऊ तास आणि शेवटचे स्थिर वर्णपट, मिळून ३. दुसऱ्या, तशाच सेलचं फक्त चार्जिंग, २. संदर्भ नमुने आणि बीमच्या हानीची तपासणी, १. एकूण ७. बहुतेक आकडे वर कुठेतरी आलेले आहेत, त्यामुळे तपासणाऱ्याला कापायला जागा राहत नाही. कापलंच तर काय जाईल तेही तुम्हीच सांगा: ‘५ शिफ्ट मिळाल्यास दुसरा सेल वगळू.’ नुसतं ‘सुमारे १० शिफ्ट’ लिहिलं तर कात्री त्यांच्या हातात जाते.

हानीची तपासणी एका ओळीत येते. मालिका संपल्यावर कॅथोडच्या ज्या जागी बीम पडलेला नाही, तिथे खिडकीतच एक-दीड मिलिमीटर सरकून एक वर्णपट घ्यायचा. दोन जागांची कडा वेगळी आली तर बीमने तिथली अभिक्रिया रोखली असं समजावं. इंडस-२ च्या वाकवण-चुंबकावरचा बीम तुलनेने सौम्य असतो, तरी ही ओळ असलेली बरी.

निर्मिती-चक्र घरीच उरकून सेल डिस्चार्ज अवस्थेत नेणार, राखीव सेल दोन असतील, हेही नोंदवा. राखीव वेळ मागू नये, राखीव सेल न्यावेत. सुरक्षेच्या रकान्यात लिथियम धातूचं वजन, इलेक्ट्रोलाइटचं आकारमान आणि LiPF6 ओलाव्यात हायड्रोजन फ्लोराइड सोडतो हे लिहा. फुटलेला सेल कशात ठेवणार आणि परत कोण नेणार, हेही. पुण्या-मुंबईहून सेल कसे न्यायचे, विशेषतः विमानाने, हे वाहतूकदार आणि केंद्राच्या सुरक्षा कार्यालयाला विचारून ठेवा. वेळ मंजूर झाल्यावर सेल घरीच राहिले असं होऊ नये.

पत्र पाठवण्याआधी उडीचा हिशेब, सेलची आकृती आणि शिफ्टचं कोष्टक एवढंच एका पानावर घेऊन बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: त्यांच्या टेबलावर हा सेल आणि पोटेन्शिओस्टॅटची वायर बसते का, एका वर्णपटाला खरोखर किती वेळ लागतो, आणि बीम पुन्हा भरताना मोजणी किती वेळ थांबते. उत्तरं आली की २५ मिनिटांचा आकडा बदलेल, त्यासोबत शिफ्टही बदलतील. कोष्टक शेवटी लिहायचं ते याचसाठी.